चार आठवड्यांची वही आणि कार्यक्रम बदलण्याचा प्रश्न

बारबेलच्या साहाय्याने शक्ती वाढवण्याचा व्यायाम नव्याने सुरू केलेल्या प्रशिक्षणार्थीपुढे पहिला खरा निर्णय साधारणपणे महिनाभराने उभा राहतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जवळजवळ प्रत्येक वेळी वजन वाढत गेलेले असते, चौथ्या आठवड्यात एखादा व्यायाम अडतो, आणि हाती घेतलेला कार्यक्रम पुढे चालू ठेवावा की तो सोडून दुसरा धरावा, हा प्रश्न मनात घर करू लागतो. येथे ‘कार्यक्रम’ या शब्दाने आठवड्यातून किती दिवस, कोणते व्यायाम, किती वजनाने, किती वेळा करायचे आणि ते वजन कोणत्या नियमाने वाढवायचे याची आधीच ठरवलेली आखणी अभिप्रेत आहे. आणि ‘वही’ म्हणजे त्या आखणीपैकी प्रत्यक्षात काय घडले याची प्रशिक्षणार्थीने स्वतः, त्या त्या दिवशी केलेली नोंद. आखणी आणि नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात न घेतल्यामुळेच या निर्णयातील बहुतेक चुका होतात, कारण वहीत दिसणारे अपयश पुष्कळदा आखणीचे नसते, तर आखणी न पाळली गेल्याचे असते. प्रस्तुत विवेचन आठवड्यातून तीन दिवस व्यायाम करणाऱ्या नवशिक्यापुरते मर्यादित ठेवले आहे. अनुभवी व्यायामपटूची वही वेगळ्या रीतीने वाचावी लागते, आणि त्या फरकाचा निर्देश शेवटी येईल.

नोंदीवरून पुढचे वजन ठरवण्याची पद्धत नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकागो येथील लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांच्या दुबळ्या झालेल्या पायांवर उपचार करणारे डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी १९४५ साली वाढत्या भाराच्या व्यायामाची जी पद्धत मांडली, तिचा गाभाच नोंद हा होता. रुग्ण जे सलग दहा वेळा, आणि दहाच वेळा, उचलू शकतो असे वजन आठवड्यातून एकदा शोधायचे आणि पुढच्या आठवड्याचा व्यायाम त्या आकड्यावर बेतायचा, असा तो क्रम होता. महाराष्ट्रातील तालमींत हेच काम वस्तादाची नजर करीत असे: कोणत्या पठ्ठ्याचे जोर किती झाले, कोणाच्या बैठका वाढवायच्या आणि कोणाला दोन दिवस केवळ मातीत उतरवायचे, हे त्याच्या स्मरणात असे आणि त्याची नोंद कागदावर क्वचितच होई. आजच्या जिममध्ये रोज वेगळ्या वेळी येणाऱ्या आणि बहुधा एकट्याने व्यायाम करणाऱ्या माणसाला अशी सलग पाहणारी नजर लाभत नाही. म्हणून ती जागा वहीला घ्यावी लागते. परंतु वही स्वतःहून काही सांगत नाही, ती वाचावी लागते, आणि तीही ठरावीक क्रमाने.

वाचण्याजोग्या वहीत काय असावे, हे थोडक्यात सांगता येते. एखादी हालचाल एकदा पूर्ण करणे म्हणजे एक रेप, न थांबता केलेल्या रेप्सचा गट म्हणजे सेट, आणि वॉर्म-अपचे हलके सेट झाल्यानंतर ठरलेल्या वजनाने केलेले सेट म्हणजे वर्किंग सेट. प्रत्येक वर्किंग सेटमध्ये किती रेप्स पूर्ण झाल्या, हे स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, ‘बेंच ४२.५, जमले नाही’ अशी नोंद जवळजवळ निरुपयोगी असते, कारण पहिल्या सेटला पाच, दुसऱ्याला चार आणि तिसऱ्याला तीन रेप्स होणे आणि पहिल्याच सेटला दोन रेप्सवर अडणे या अगदी भिन्न घटना तिच्यात एक होऊन जातात. याखेरीज व्यायाम सुरू झाल्याची व संपल्याची वेळ, आदल्या रात्रीची झोप, आठवड्यातून तीन-चार सकाळी घेतलेले शरीराचे वजन, आणि कोठे दुखल्यास नेमके कोठे व कोणत्या हालचालीत, एवढे पुरते. काही जण प्रत्येक सेटनंतर आणखी किती रेप्स झाल्या असत्या याचा अंदाजही लिहितात. अनुभवी माणसाच्या हाती ही नोंद फार उपयोगी पडते. मात्र नवशिक्याचा हा अंदाज पुष्कळ चुकतो, कारण खऱ्या मर्यादेपर्यंत तो अद्याप क्वचितच पोहोचलेला असतो, आणि म्हणून पहिल्या महिन्यात त्यावर निर्णय टेकवणे योग्य नाही.

वहीचे पहिले वाचन वजनांचे नसते, उपस्थितीचे असते. चार आठवड्यांत बारा सत्रे ठरली होती. त्यांपैकी किती झाली, कोणत्या दिवसांच्या मध्ये किती अंतर पडले, आणि झालेल्या सत्रांत सर्व व्यायाम पूर्ण झाले की शेवटचा नेहमी राहून गेला, हे आधी मोजावे लागते. बारापैकी सहाच सत्रे झाली असतील, तर त्या वहीवरून कार्यक्रमाविषयी काहीही ठरवता येत नाही, कारण तो कार्यक्रम झालेलाच नाही. अशा वहीतून मात्र एक वेगळा आणि महत्त्वाचा निष्कर्ष निघतो, तो हा की आठवड्यातून तीन दिवस या माणसाच्या जगण्यात बसत नाहीत, आणि तेव्हा दोन दिवसांची आखणी स्वीकारणे हा योग्य बदल ठरतो. तो बदल वेळापत्रकाच्या कारणाने झाला, व्यायामांच्या उणिवेने नव्हे, हे वहीत स्पष्ट लिहून ठेवावे, नाहीतर पुढच्या महिन्यात त्याचा चुकीचा अर्थ लावला जातो.

दुसरे वाचन मापाचे असते. पहिल्या आठवड्यातील ४० किलोची स्क्वॉट आणि चौथ्या आठवड्यातील ६० किलोची स्क्वॉट यांची तुलना तेव्हाच करता येते, जेव्हा दोन्ही वेळी मांडी तितकीच खाली गेलेली असते. खांद्यावर बार घेऊन बसण्या-उठण्याच्या या व्यायामात वजन वाढत गेले की बसण्याची खोली नकळत कमी होत जाते, आणि वहीतील आकडा चढत असताना प्रत्यक्ष काम तेवढे वाढलेले नसते. बेंच प्रेसमध्ये, म्हणजे बाकावर उताणे पडून छातीवरून बार वर ढकलण्याच्या व्यायामात, बार छातीवर आदळून उसळवणे किंवा मागे उभ्या असलेल्या जोडीदाराने बोटांचा आधार देणे, यांमुळे हीच फसगत होते. दर आठवड्याला एका वर्किंग सेटचे बाजूने चित्रीकरण केले, तर शंका सहज मिटते. सेटांमधील विश्रांतीही मापाचाच भाग आहे: तीन मिनिटे थांबून केलेला तिसरा सेट आणि सव्वा मिनिट थांबून केलेला तिसरा सेट यांची तुलना करता येत नाही, आणि वहीत विश्रांती लिहिलेली नसेल तर निदान सत्राच्या एकूण वेळेवरून ती ताडता येते.

एवढे झाल्यावरच वजनांकडे वळावे, आणि तेव्हाही एक महिना काय दाखवू शकतो व काय नाही, याचे भान ठेवावे लागते. नवशिक्याच्या पहिल्या काही आठवड्यांतील शक्तिवृद्धीचा मोठा भाग स्नायू मोठे झाल्यामुळे होत नाही, तर मज्जासंस्था त्याच स्नायूंचा अधिक चांगला वापर करू लागल्यामुळे होतो: अधिक स्नायुतंतू एकाच वेळी कामाला लागतात, विरुद्ध बाजूच्या स्नायूंचा अडथळा कमी होतो, आणि हालचाल अंगवळणी पडते. मोरितानी व डिव्हराइज यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही वाढ आधी मज्जासंस्थेतून व नंतर हळूहळू स्नायूंच्या आकारातून होते, असा क्रम दाखवला होता. याचा व्यावहारिक अर्थ दुहेरी आहे. महिनाभरात दंडाचा घेर वाढला नाही म्हणून कार्यक्रम निकामी ठरत नाही, कारण टेपच्या मापातील रोजची चूकच महिन्याच्या वाढीइतकी असू शकते. आणि महिनाभरात स्क्वॉट २० किलोंनी वाढली म्हणून तो कार्यक्रम इतरांहून सरस आहे असेही सिद्ध होत नाही, कारण नियमितपणे केलेल्या कोणत्याही समंजस आखणीने नवशिक्याची अशी वाढ झाली असती. स्नायूंचे दुखणे हाही असाच दिशाभूल करणारा पुरावा आहे. अनोळखी व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी जाणवणारे ठणके पहिल्या आठवड्यात तीव्र असतात आणि तोच व्यायाम पुन्हा केल्यावर झपाट्याने कमी होतात. ते थांबले म्हणजे व्यायाम लागू पडणे थांबले, हा समज निराधार आहे.

आता एका वहीचे वाचन तपशिलाने पाहणे उपयुक्त ठरेल. ही वही विवेचनासाठी रचलेली आहे, परंतु तिच्यातील प्रत्येक गोष्ट अशा वह्यांत नेहमी आढळणारी आहे. प्रशिक्षणार्थी तिशीच्या आतला, बैठे काम करणारा आणि ७२ किलो वजनाचा आहे असे धरू. त्याचा कार्यक्रम दोन सत्रांच्या आलटूनपालटून क्रमाचा आहे: पहिल्या सत्रात स्क्वॉट, बेंच प्रेस आणि वाकून बार पोटाकडे ओढण्याचा व्यायाम, म्हणजे रो, दुसऱ्यात स्क्वॉट, उभे राहून बार खांद्यावरून डोक्यावर नेण्याचा व्यायाम, म्हणजे ओव्हरहेड प्रेस, आणि जमिनीवरून बार उचलण्याचा डेडलिफ्ट. डेडलिफ्टचा पाच रेप्सचा एकच वर्किंग सेट असतो, बाकी सर्वांचे पाच रेप्सचे तीन. सर्व रेप्स पूर्ण झाल्या की पुढच्या वेळी २.५ किलो वाढवायचे आणि डेडलिफ्टला ५ किलो, असा वाढीचा नियम आहे. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस त्याचे म्हणणे असे आहे की बेंच प्रेस आणि ओव्हरहेड प्रेस दोन्ही अडकले आहेत, या कार्यक्रमात वरच्या अंगाचा व्यायाम अपुरा आहे, आणि म्हणून छाती, पाठ, खांदे व पाय यांना वेगवेगळे दिवस देणारी पाच दिवसांची आखणी आता घ्यावी.

उपस्थितीच्या वाचनात बारापैकी दहा सत्रे झालेली दिसतात. तिसऱ्या आठवड्याच्या बुधवारचे व शुक्रवारचे सत्र कामानिमित्त गावाबाहेर गेल्यामुळे चुकले, त्यामुळे सातव्या आणि आठव्या सत्रांच्या मध्ये पूर्ण आठवडा गेला. दहा सत्रे पुरेशी आहेत, परंतु हा खंड नेमका कोठे पडला, हे लक्षात ठेवले पाहिजे. वेळेच्या रकान्यात नऊ सत्रे ६५ ते ७० मिनिटांची आहेत आणि शेवटचे, दहावे सत्र ४२ मिनिटांचे आहे. व्यायाम तेच, सेट तेवढेच. म्हणजे कमी झालेली वेळ जवळजवळ सगळी विश्रांतीतून गेली आहे.

स्क्वॉट ४० किलोंपासून सुरू होऊन सातव्या सत्रापर्यंत ५५ किलोंवर गेली. खंडानंतर आठव्या सत्रात त्याने तेच वजन पुन्हा घेतले, नवव्यात ५७.५ किलो पूर्ण केले आणि दहाव्यात ६० किलोंना पाच, पाच, चार अशा रेप्स झाल्या. डेडलिफ्ट दर वेळी ५ किलोंनी वाढत ५० वरून ७० किलोंवर गेला आणि एकदाही अडला नाही. रोही आपल्या गतीने वाढत आहे. म्हणजे पाच व्यायामांपैकी तीन सरळ चढत आहेत, आणि स्क्वॉटची जी एकच रेप हुकली ती घाईच्या सत्रातील तिसऱ्या सेटमधली आहे. त्याच घाईच्या दिवशी एकाच सेटचा डेडलिफ्ट ७० किलोंना पूर्ण झाला, ही बाब लक्षणीय आहे, कारण ज्या व्यायामात विश्रांतीचा प्रश्नच येत नाही तो पार पडला आणि ज्यांत येतो ते घसरले.

बेंच प्रेसची पाच सत्रे झाली. ३५, ३७.५ आणि ४० किलो पूर्ण झाले. सातव्या सत्रात ४२.५ किलोंना पाच, चार, तीन, म्हणजे एकूण बारा रेप्स झाल्या, आणि नवव्या सत्रात त्याच वजनाला पाच, पाच, चार, म्हणजे चौदा. प्रशिक्षणार्थीने हे अडकणे मानले, कारण वजनाचा आकडा हलला नाही. परंतु तेच वजन, तीच विश्रांती, मध्ये एक आठवड्याचा खंड पडूनही दोन रेप्स अधिक, ही प्रगतीच आहे. पंधरावी रेप पूर्ण होण्यास बहुधा एखादे सत्र पुरेल. वहीत वजनाच्या रकान्याशेजारी एकूण रेप्सचा रकाना नसल्यामुळे ती दिसली नाही. अशा चुका इतक्या नेहमीच्या आहेत की केवळ हा एक रकाना वाढवल्याने कार्यक्रम बदलण्याचे अनेक निर्णय टळतील, असे निःसंकोच म्हणता येते.

ओव्हरहेड प्रेस हाच या वहीतील खरा प्रश्न आहे. २०, २२.५ आणि २५ किलो पूर्ण झाल्यावर आठव्या सत्रात २७.५ किलोंना पाच, चार, तीन आणि दहाव्या सत्रात चार, चार, तीन अशा रेप्स झाल्या. एकूण बारावरून अकरावर घसरण. येथे दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली ही की २७.५ किलोंचा एकही प्रयत्न स्वच्छ नव्हता: एक आठवड्याच्या खंडानंतरच्या पहिल्याच दिवशी झाला आणि दुसरा घाईच्या सत्रात. दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे आणि ती कार्यक्रमातच आहे. बहुतेक जिममध्ये सर्वांत लहान प्लेट १.२५ किलोची असते आणि ती बारच्या दोन्ही टोकांना लावावी लागते, म्हणून कमीत कमी वाढ २.५ किलोंची होते. ५७.५ किलोंच्या स्क्वॉटला ही वाढ साडेचार टक्क्यांहूनही कमी आहे, ४० किलोंच्या बेंच प्रेसला सव्वासहा टक्के, आणि २५ किलोंच्या ओव्हरहेड प्रेसला पूर्ण दहा टक्के. नियम सर्वांना एकच असला तरी प्रत्यक्षात प्रत्येक वाढीच्या वेळी खांद्यांकडून प्रमाणाने मांड्यांच्या दुपटीहून अधिक वाढीची मागणी केली गेली आहे. वरच्या अंगाचे व्यायाम आधी अडतात ते बहुधा याच कारणाने, त्यांना पुरेसा वेळ दिला गेला नाही म्हणून नव्हे.

त्यावरचा उपायही तेवढाच असावा. अर्ध्या किलोच्या दोन प्लेट मिळाल्या, तर २५ वरून २६ किलोंवर जाता येते, म्हणजे चार टक्के. त्या न मिळाल्यास वजन २५ वरच ठेवून तिन्ही सेट आधी सहा, मग सात, मग आठ रेप्सचे करावेत आणि त्यानंतर २७.५ किलोंना पाच रेप्सवर यावे. आठ हा आकडा मनाने घेतलेला नाही. एखादा माणूस एकदाच उचलू शकेल अशा कमाल वजनाचा अंदाज काढण्यासाठी अमेरिकन प्रशिक्षक बॉइड एप्ली यांच्या नावाने ओळखले जाणारे एक सोपे सूत्र वापरले जाते:

वजन × (१ + रेप्स ÷ ३०)

त्यानुसार २५ किलोंच्या आठ रेप्सचा अंदाज ३१.७ किलो आणि २७.५ किलोंच्या पाच रेप्सचा ३२.१ किलो येतो. म्हणजे पहिली पायरी गाठणाऱ्याला दुसरी जवळजवळ हातात आलेली असते. याच सूत्राची मर्यादाही येथेच सांगावी लागते. ४२.५ किलोंना पाच रेप्स झाल्या तर अंदाज ४९.६ येतो आणि चार झाल्या तर ४८.२, हा सुमारे दीड किलोचा फरक एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेनेही पडू शकतो, म्हणून एका सत्राच्या अशा अंदाजावरून प्रगती किंवा अधोगती ठरवता येत नाही. दोन वजनांची आपापसात तुलना करण्यापुरतेच ते वापरावे.

वहीतील शरीराच्या वजनाचा रकानाही पाहिला पाहिजे. पाणी, मीठ आणि पोटातील अन्न यांमुळे हे वजन दिवसागणिक किलो-दीड किलोने सहज वरखाली होते, म्हणून आठवड्याची सरासरी घ्यावी. या वहीत ती पहिल्या आठवड्यात ७२.० आणि चौथ्यात ७१.६ आहे. घट लहान आहे, पण दिशा नेमकी उलट आहे. वाढत्या भाराचा व्यायाम करणाऱ्या आणि वजन कमी करण्याचा हेतू नसलेल्या माणसाचा आहार कमी पडत असण्याची ही शक्यता आहे. पाच दिवसांची नवी आखणी ही उणीव भरून काढणार नाही, उलट वाढवील.

म्हणून या वहीवरून निघणारा निर्णय असा: कार्यक्रम तोच राहील, बेंच प्रेस ४२.५ किलोंवर पंधरा रेप्स पूर्ण होईपर्यंत थांबेल. ओव्हरहेड प्रेसच्या वाढीचा टप्पा तेवढा बदलेल. विश्रांती घड्याळ लावून तीन मिनिटांची राहील. आणि रोजच्या जेवणात एखादी वाटी घट्ट डाळ किंवा उसळ आणि एक जास्तीची भाकरी वाढवली जाईल. येथे चार गोष्टी एकदम बदलल्यासारख्या वाटतील. परंतु बेंच प्रेसचे थांबणे हा वाढीच्या मूळ नियमाचाच भाग आहे, आणि विश्रांती व आहार हे मूळ आखणीतच गृहीत होते, त्यांची दुरुस्ती म्हणजे आखणीकडे परत जाणे होय. आखणीत झालेला खरा बदल एकच आहे, आणि म्हणूनच पुढच्या महिन्यात त्याचा परिणाम ओळखता येईल.

सगळाच कार्यक्रम बदलला असता तर काय झाले असते, याचा विचार येथे करणे आवश्यक आहे, कारण बदललेला कार्यक्रम जवळजवळ नेहमीच यशस्वी झाल्याचा भास होतो. त्याची कारणे दोन आहेत. नव्या आखणीत नवे व्यायाम येतात, आणि नव्या व्यायामात पहिल्या काही आठवड्यांत हालचाल अंगवळणी पडण्यातून येणारी जलद वाढ पुन्हा एकदा मिळते. वहीतील आकडे चढतात, पण ती वाढ शिकण्याची असते. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. माणूस कार्यक्रम बदलतो तो सहसा सर्वांत वाईट आठवड्यानंतर, म्हणजे झोप, खंड, घाई, हवामान अशा अनेक आकस्मिक कारणांनी कामगिरी तिच्या नेहमीच्या पातळीखाली गेलेली असताना. अशी आकस्मिक कारणे सगळीच्या सगळी पुढच्या आठवड्यात टिकत नाहीत, आणि काहीही न बदलता कामगिरी पुन्हा नेहमीच्या पातळीकडे येते. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. त्याच आठवड्यात कार्यक्रम बदललेला असेल, तर या परतण्याचे सगळे श्रेय नव्या कार्यक्रमाला मिळते, आणि पुढच्या वाईट आठवड्यात तोही टाकून दिला जातो. वर्षभरात सहा कार्यक्रम करून स्क्वॉट पहिल्या महिन्याच्या जवळपासच घोटाळत राहिलेली वही अशाच रीतीने तयार होते. म्हणून निर्णय वाईट सत्राच्या दिवशी न घेता आधी ठरवलेल्या तारखेला घ्यावा, ही सूचना दिसते त्याहून पुष्कळ अधिक महत्त्वाची आहे.

तरीही कार्यक्रम बदलणे योग्य ठरते अशा अवस्था आहेत, आणि त्या वहीतच दिसतात. उपस्थिती पूर्ण, विश्रांती पुरेशी, झोप व आहार ठीक, आणि तरीही एखादा व्यायाम त्याच वजनाला सलग तीन सत्रे अडला, तर प्रथम त्या व्यायामाचे वजन दहा टक्क्यांनी कमी करून पुन्हा चढत यावे. त्याच ठिकाणी पुन्हा अडल्यास दर सत्राला वजन वाढवण्याचा नियम त्या व्यायामापुरता संपला असे मानावे आणि आठवड्यातून एकदा वाढीच्या आखणीकडे जावे. महिन्याभरात ही अवस्था क्वचित येते, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ती जवळजवळ सर्वांना येते. दुसरी अवस्था दुखण्याची आहे. स्नायूंत पसरलेले, दोन दिवसांत ओसरणारे ठणके आणि सांध्यात एकाच जागी, त्याच हालचालीत, दर सत्राला वाढत जाणारी कळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी तीन सत्रांत सलग नोंदली गेली असेल, तर महिना पूर्ण होण्याची वाट न पाहता तो व्यायाम थांबवून त्याच्या जागी न दुखणारा पर्याय घ्यावा, आणि हातापायात मुंग्या, बधिरता किंवा दुर्बलता असल्यास डॉक्टरांकडे जावे. तिसरी अवस्था उद्दिष्टाची आहे: ज्याला चार महिन्यांनी दहा किलोमीटरच्या शर्यतीत धावायचे आहे, त्याची बारबेलची वही कितीही सुंदर चढत असली तरी ती त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

अनुभवी व्यायामपटूच्या बाबतीत मात्र महिन्याची वही अशा रीतीने वाचणे घातक ठरू शकते. एरिक बॅनिस्टर यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या प्रतिमानानुसार दिसणारी कामगिरी ही कमावलेली क्षमता आणि साचलेला थकवा यांची वजाबाकी असते, आणि थकवा क्षमतेपेक्षा लवकर चढतो व लवकर उतरतोही. अनुभवी माणसाच्या आखणीत थकवा मुद्दाम तीन आठवडे साचवून चौथ्या आठवड्यात भार उतरवलेला असतो. त्यामुळे तिसऱ्या आठवड्याच्या नोंदी घसरलेल्या दिसणे हे आखणी पाळली गेल्याचे लक्षण असू शकते, आणि त्याने तिची परीक्षा भार उतरवल्यानंतरच्या आठवड्यात, तीही दोन-तीन अशी आवर्तने झाल्यावर, करावी लागते. नवशिक्याला हे प्रतिमान एवढ्यापुरतेच लागू आहे की एका आठवड्याच्या खंडाने कमावलेले फारसे जात नाही; वरील वहीत खंडानंतरच्या सत्रात ५५ किलोंची स्क्वॉट विनासायास झाली, ती यामुळेच.

वर वाचलेल्या वहीच्या पुढच्या कोऱ्या पानावर, नवे पहिले सत्र लिहिण्यापूर्वी, तीन ओळी लिहिल्या जाव्यात: ओव्हरहेड प्रेस २५ किलोंवर, तिन्ही सेटांत आठ रेप्स होईपर्यंत, बेंच प्रेस ४२.५ किलोंवर, एकूण पंधरा रेप्स होईपर्यंत. आणि पुढील वाचनाची तारीख, चार आठवड्यांनंतरचा रविवार, ज्या दिवशी व्यायाम नसतो.